२८,४९० चा फ्रिज १८,४९० ला: दुरुस्तीच्या पोस्टमध्ये नेमके काय लिहावे

प्रश्न: नाशिकमध्ये आमचे घरगुती उपकरणांचे ऑनलाइन दुकान आहे. दसऱ्याच्या ऑफरमध्ये डबल डोअर फ्रिजची किंमत २८,४९० ऐवजी चुकून १८,४९० पडली. शनिवारी रात्री ९.४० ला पोस्ट गेली, रविवारी सकाळी ८.१५ ला लक्षात आले, तोवर ११ ऑर्डर आल्या. त्यातली एक ४ नगांची आहे. ७ जणांनी ऑनलाइन पैसे भरलेत, ४ कॅश ऑन डिलिव्हरी आहेत. माल अजून गोडाऊनमध्येच आहे. आमची खरेदी २५,६०० ला पडते. दुरुस्तीची पोस्ट कशी लिहावी आणि ऑर्डर सरळ रद्द करता येतील का?

उत्तर:

पोस्टचा मजकूर मी खाली लिहून देतो, परंतु तो आपण दुपारपर्यंत टाकू नये. ११ ऑर्डरींचे काय करायचे हे ठरण्यापूर्वी लिहिलेली दुरुस्तीची पोस्ट नेहमी मोघम होते, आणि मोघम पोस्टखाली पहिली प्रतिक्रिया येते ती "मग माझ्या ऑर्डरचे काय?" हीच. सकाळी फक्त दोन ओळींची सूचना पुरे: "या फ्रिजची आमच्या पोस्टमधील किंमत चुकीची छापली गेली आहे. नवीन ऑर्डर घेणे थांबवले आहे. ज्यांनी ऑर्डर दिली आहे त्यांना आम्ही आज दुपारपर्यंत स्वतः फोन करतो." ही सूचना लावून वेबसाइटवर तो फ्रिज "सध्या उपलब्ध नाही" असा करावा आणि मग शांतपणे पुढच्या कामाला बसावे.

पहिले काम नोंदी जपून ठेवण्याचे. चुकीच्या पोस्टचा आणि वेबसाइटच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, किंमत कोणी व केव्हा बदलली याची दुकानाच्या सॉफ्टवेअरमधील नोंद उतरवून घ्यावी आणि प्रत्येक ऑर्डरची वेळ लिहून काढावी. येथे एक बारीक फसगत होते. बऱ्याच वेबसाइटच्या सर्व्हरवरील नोंदी भारतीय वेळेत नसून यूटीसीमध्ये असतात, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. नोंदीत १६.१० दिसत असेल, तर नाशिकमध्ये तेव्हा रात्रीचे ९.४० वाजलेले असतात, नोंदीतील २.४५ म्हणजे सकाळचे ८.१५. पोस्टमध्ये आपण "रात्री ९.४० ते सकाळी ८.१५" असे लिहिणार आहोत, आणि एखाद्या ग्राहकाच्या मोबाईलवरील ऑर्डरची वेळ त्या मुदतीबाहेर पडली, तर सगळी दुरुस्तीच संशयास्पद ठरते.

आता मुख्य प्रश्न, ऑर्डर रद्द करता येतील का. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे दुकानात किंवा वेबसाइटवर किंमत लावणे हे सर्वसाधारणपणे ग्राहकाला प्रस्ताव देण्याचे निमंत्रण मानले जाते. ग्राहक ऑर्डर देतो तो प्रस्ताव, आणि दुकानदार तो स्वीकारतो तेव्हा करार होतो. म्हणून ज्याने नुसती पोस्ट पाहिली, त्याला १८,४९० ला फ्रिज देण्यास आपण बांधील नाही. परंतु ज्याने ऑर्डर दिली, त्याला आपल्या यंत्रणेने कोणता संदेश पाठवला हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. "आपली ऑर्डर मिळाली" असा संदेश गेला असेल तर ती फक्त पोच आहे, असे म्हणण्यास थोडी जागा उरते. बहुतेक तयार सॉफ्टवेअर मात्र आपोआप "आपली ऑर्डर कन्फर्म झाली आहे" असे लिहून पाठवतात, आणि हा संदेश म्हणजे स्वीकृती आहे, असे म्हणणाऱ्या ग्राहकाची बाजू भक्कम असते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अमान्य ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये स्पष्ट आहे. पैसे मिळाले नाहीत म्हणून कॅश ऑन डिलिव्हरीच्या ४ ऑर्डर कच्च्या, असा आपल्या बाजारपेठेत पक्का समज आहे, पण तो बरोबर नाही. माल आल्यावर पैसे देईन हे वचनही करारापुरते पुरेसा मोबदला ठरते.

"पण चूक झाली ना" हे उत्तर इथे का चालत नाही, याचे कारण करार कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे: केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक झाली, एवढ्यावरून करार रद्द करण्याचा हक्क मिळत नाही. चूक समोरच्याला दिसत होती आणि तरीही त्याने संधी साधली, असे दाखवता आले तर दुकानदाराची बाजू बरीच सुधारते. एक शून्य गळून फ्रिज २,८४९ ला लागला असता, तर तो कोणालाही खरा वाटला नसता. तशा वेळी ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे परत देणे आणि तसे सरळ लिहिणे हाच मी सल्ला दिला असता. आपली अडचण अशी आहे की १८,४९० ही किंमत खरी वाटण्यासारखी आहे. दसऱ्याच्या तोंडावर २८,४९० च्या फ्रिजवर १०,००० रुपये, म्हणजे सुमारे ३५ टक्के सूट दिसली, तर सिडकोतल्या एखाद्या घरात रात्री दहा वाजता "घेऊनच टाकू" असे ठरणे अगदी स्वाभाविक आहे. त्या माणसाने आपली चूक ओळखायला हवी होती, असे आपण म्हणू शकत नाही.

वेबसाइटच्या अटींमध्ये "किंमत चुकल्यास ऑर्डर रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे" असे वाक्य असेल, तर त्यावर फार विसंबू नये. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित कराराच्या व्याख्येत धरली आहे. टंकनाची चूक हे वाजवी कारण ठरते की नाही, हा वाद जिल्हा ग्राहक आयोगापुढे नेण्याइतकी रक्कम येथे आहे का, ते आधी मोजावे.

मोजणी करताना आपण २५,६०० वजा १८,४९०, म्हणजे नगामागे ७,११० रुपये तोटा धरला असेल. प्रत्यक्षात तो कमी आहे. फ्रिजवर १८ टक्के जीएसटी आहे आणि दोन्ही आकडे करासह आहेत. विक्रीवरचा कर आपण प्रत्यक्ष घेतलेल्या किमतीवर भरतो आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, आपली नोंदणी नियमित पद्धतीची असेल तर, पूर्ण मिळते. म्हणून ७,११० ला १.१८ ने भागावे. नगामागे खरा तोटा सुमारे ६,०२५ रुपये. ११ ऑर्डरींना प्रत्येकी एक नग दिला तर ६६,२७५ आणि सर्व १४ नग दिले तर ८४,३५० रुपये, शिवाय घरपोच पोहोचवण्याचा खर्च वेगळा. रक्कम लहान नाही, पण दुकान बसवणारीही नाही.

म्हणून माझे मत असे: ज्या १० ग्राहकांनी एकेक नग मागवला आहे, त्यांना तो १८,४९० लाच द्यावा, मग पैसे भरलेले असोत वा नसोत. ४ नगांच्या ऑर्डरचा विचार वेगळा करावा लागेल. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा हा ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने ग्राहक नसतो, त्यामुळे तो ग्राहक आयोगाकडे सहसा जाऊ शकत नाही. करार कायदा मात्र त्यालाही लागू आहेच. "एका ग्राहकास एकच नग" अशी अट पानावर आधीपासून असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ती आज मागाहून लिहू नये. स्क्रीनशॉट फक्त आपल्याकडेच असतात असे नाही. त्याला फोन करून, एक नग जाहीर किमतीला आणि उरलेल्या ३ नगांचे ५५,४७० रुपये लगेच परत, असा प्रस्ताव ठेवावा. तो स्वखुशीने कबूल झाला तर जुन्या कराराच्या जागी नवा करार होतो आणि त्यात काहीच गैर नाही. कबूल झाला नाही, तर १८,०७५ रुपयांसाठी भांडायचे का, हे वकिलाला विचारून ठरवावे. तसेच ४ फ्रिज म्हणजे व्यापारीच, असेही गृहीत धरू नये. गंगापूर रोडवर नवे वसतिगृह उघडणारा कोणी असू शकतो.

फोन मालकाने स्वतः करावेत आणि पोस्टच्या आधी करावेत. माझ्या स्वतःच्या दुकानात मी एकदा उलटे केले होते. मिक्सरची किंमत १,००० ने कमी छापली गेली, मी पोस्ट गुपचूप काढून टाकली आणि ऑर्डर देणाऱ्या दोघांना "स्टॉक संपला" असा संदेश पाठवला. नाशिकरोडचे एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुकानात आले, तेव्हा तोच मिक्सर मांडणीवर समोर ठेवलेला होता. त्यांनी मोबाईल काउंटरवर ठेवला, मिक्सरकडे पाहिले आणि एकच विचारले, "हा कोणाचा आहे?" त्यांना मिक्सर जुन्याच किमतीला दिला, पण ते परत कधी आले नाहीत. म्हणून सांगतो, स्टॉक संपला हे कारण कधीही देऊ नये. जाहिरातीतल्या किमतीला माल विकण्याची वाजवी शक्यता नसताना गिऱ्हाईक ओढणे, याला २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आमिषाची जाहिरात म्हटले आहे. नजरचूक आणि आमिष यांतला फरक आपण वेळेवर केलेल्या, खऱ्या कारणासह लिहिलेल्या दुरुस्तीवरूनच दाखवू शकतो.

फोनवर बोलणे थोडक्यात असावे. "नमस्कार साहेब, काल रात्री आपण आमच्याकडे फ्रिज नोंदवला. आमच्याकडून किंमत लिहिताना २ च्या जागी १ पडला. खरी किंमत २८,४९० आहे. चूक आमची असल्याने आपली ऑर्डर आम्ही १८,४९० लाच पूर्ण करतो. मंगळवारी दुपारी गाडी पाठवली तर चालेल का?" मग तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे. समोरचा स्वतःहून "राहू द्या" म्हणाला, तर रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत करावी. कूपन घ्यायला लावू नये. पेमेंट कंपनीचे शुल्क आपल्याला परत मिळत नाही, पण ते ग्राहकाच्या रकमेतून कापू नये. कर बीजक निघाले असेल तर क्रेडिट नोट काढावी. कोणी कार्डाच्या हप्त्यांवर घेतले असेल तर नुसते पैसे परत करून काम संपत नाही; बँकेने प्रक्रिया शुल्क किंवा व्याज लावले असेल तर तेवढे भरून द्यावे लागेल, हे आधीच बोलून ठेवावे.

आता मजकूर. आपण बहुधा असे काही लिहाल: "तांत्रिक अडचणीमुळे काही उत्पादनांच्या किमती चुकीच्या दर्शविल्या गेल्या. ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." या दोन वाक्यांत कोणते उत्पादन, कोणती किंमत, केव्हा आणि पुढे काय, यांपैकी एकाचेही उत्तर नाही. शिवाय अडचण तांत्रिक नव्हती; एका माणसाने आकडा चुकीचा टंकला. "काही उत्पादने" असे लिहिल्याने तर काल वॉशिंग मशीन घेणाऱ्यालाही आपली किंमत बरोबर होती का अशी शंका येते. मी असे लिहीन:

"किमतीची दुरुस्ती. शनिवारी रात्री ९.४० ते रविवारी सकाळी ८.१५ या वेळेत आमच्या दसरा ऑफरच्या पोस्टमध्ये आणि वेबसाइटवर डबल डोअर फ्रिजच्या (मॉडेल क्रमांक) किमतीत आमच्याकडून टंकनाची चूक झाली. १८,४९० असे लिहिले गेले. योग्य किंमत सर्व करांसह २८,४९० रुपये आहे. या वेळेत ज्यांनी ऑर्डर दिली, त्या सर्वांशी आम्ही फोनवर बोललो असून त्यांच्या ऑर्डर जाहीर केलेल्या किमतीतच पूर्ण करत आहोत. ज्यांना आमचा फोन लागला नसेल त्यांनी (क्रमांक) येथे सकाळी १० ते रात्री ८ या वेळेत संपर्क साधावा. रविवारी सकाळी ८.१५ नंतरच्या ऑर्डरसाठी २८,४९० ही किंमत लागू आहे. जुनी पोस्ट आम्ही काढली आहे. तिचे चित्र आपल्यापर्यंत आले असल्यास कृपया पुढे पाठवू नये. इतर उत्पादनांच्या किमती तपासल्या असून त्या बरोबर आहेत. चुकीबद्दल आम्ही क्षमा मागतो. (मालकाचे नाव, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व क्रमांक)"

यातील "सर्व ऑर्डर जाहीर किमतीतच" हे वाक्य चार नगांच्या ग्राहकाशी बोलणे झाल्यावर, जे ठरले त्याप्रमाणेच लिहावे; आणि इतर किमती बरोबर असल्याचे वाक्य त्या खरोखर तपासल्यावरच. टंकणाऱ्या मुलाचे नाव किंवा "आमच्या कर्मचाऱ्याकडून" हे शब्द घालू नयेत. ग्राहकाचा व्यवहार दुकानाशी आहे. २८,४९० च्या शेजारी छापील कमाल किंमत खोडून दाखवण्याचा मोहही टाळावा. दुरुस्तीची पोस्ट जाहिरातीसारखी दिसू लागली की सगळा प्रकार मुद्दाम केला, असे लोक म्हणू लागतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा क्रमांक मात्र अवश्य द्यावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहेच. क्रमांक समोर असला तर माणूस १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनऐवजी आधी आपल्याला फोन करतो.

चित्राबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण चूक पसरते ती चित्रातून. इन्स्टाग्रामवर एकदा टाकलेल्या पोस्टमधील चित्र बदलता येत नाही, फक्त खालचा मजकूर बदलतो, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते ते मजकुराशिवायचे चित्रच. म्हणून स्क्रीनशॉट जपून झाल्यावर जुनी पोस्ट काढणे योग्य. ती काढल्याचे नव्या पोस्टमध्ये लिहिले आहे, त्यामुळे लपवाछपवी होत नाही. नव्या चित्रात फ्रिजचा तोच फोटो ठेवावा, म्हणजे जुने चित्र पाहिलेल्याला ओळख पटते, वर "किमतीची दुरुस्ती" असे लिहावे आणि मोठ्या अक्षरात फक्त २८,४९० द्यावे. चुकीचा आकडा चित्रात कुठेही नसावा, अगदी फुली मारलेलाही. लहान पडद्यावर फुली दिसत नाही, आकडा दिसतो, आणि आपलीच दुरुस्ती नवी ऑफर म्हणून फिरू लागते.

वेबसाइटवर किंमत बदलली तरी जुना आकडा आणखी काही ठिकाणी उरतो. ग्राहकाने रात्री कार्टमध्ये टाकून ठेवलेला फ्रिज काही सॉफ्टवेअरमध्ये जुन्याच किमतीला निघतो. स्वतःच्या दुसऱ्या खात्यातून तपासून पाहावे. व्हॉट्सॲपचा कॅटलॉग बहुधा हातानेच बदलावा लागतो. गुगलला किंमत कळते ती पानाच्या आत लपलेल्या नोंदीवरून. पानाचा सोर्स उघडून इंग्रजी आकड्यांत 18490 शोधावे. असे काही सापडले तर ते अजून जुने आहे:

```
"offers": { "price": "18490", "priceCurrency": "INR" }
```

हे बदलले नाही, तर पानावर एक किंमत आणि शोधात दुसरी असा प्रकार काही काळ चालू राहतो, आणि गुगलच्या मर्चंट सेंटरमध्ये किंमत जुळत नसल्याच्या कारणाने ते उत्पादन नाकारलेही जाऊ शकते.

पोस्टखाली "आम्हालाही त्याच भावात द्या" असे लिहिणारे येतीलच. त्यांना प्रत्येकी एकच उत्तर द्यावे, की ८.१५ पूर्वी नोंदवलेल्या ऑर्डरच त्या किमतीत आहेत, आणि वेळेत ऑर्डर दिली असेल तर ऑर्डर क्रमांक फोनवर कळवावा. करार कायद्याचे कलम तेथे सांगत बसू नये, आणि एखाद्या ओळखीच्या माणसाला ८.३० ची ऑर्डर चालवून घेऊ नये. तीच गोष्ट दुसऱ्याला समजते. कडवट प्रतिक्रिया काढू नयेत, फक्त कोणाचा फोन क्रमांक किंवा पत्ता लिहिलेला असेल तर तेवढी काढावी.

ही पोस्ट शेवटचा फ्रिज पोहोचेपर्यंत पानाच्या वर पिन करून ठेवावी. सोमवारी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाकडून आपोआप जाणाऱ्या संदेशातील "कन्फर्म झाली आहे" हे शब्द बदलून "आपली ऑर्डर नोंदवली आहे, माल पाठवताना स्वीकृतीचा संदेश येईल" असे करून घ्यावे. आजच्या ११ ऑर्डरींना त्याचा उपयोग नाही, आणि त्या ग्राहकांना गेलेल्या संदेशात तो बदल केला गेल्याचे भासवूही नये.